अधिकाऱ्याची बदली आणि अर्ध्यावर राहिलेला तलाव

महाराष्ट्रात सरकारी अधिकारी आणि कर्मचाऱ्यांच्या बदल्यांसाठी स्वतंत्र कायदा आहे. 2005 चा हा अधिनियम 1 जुलै 2006 पासून लागू झाला. त्याच्या लांबलचक नावात दोन गोष्टी शेजारी शेजारी येतात: बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध. माहितीच्या अधिकाराबरोबरच बदल्यांच्या कायद्याची मागणीही अण्णा हजारे यांच्या आंदोलनातून पुढे आली होती. वेळी-अवेळी होणाऱ्या बदल्या आणि टेबलावर पडून राहणाऱ्या फायली हे दोन वेगळे आजार नाहीत, ही त्या मागणीमागची समज होती आणि ती बरोबर होती.

कायद्याचा गाभा साधा आहे. अखिल भारतीय सेवेतील अधिकारी आणि गट अ, ब व क मधील कर्मचारी यांचा एका पदावरचा सामान्य कार्यकाळ तीन वर्षांचा. गट ड च्या कर्मचाऱ्यांना असा ठरावीक कार्यकाळ नाही. ज्यांचा कार्यकाळ पूर्ण होत आला आहे त्यांची यादी दर जानेवारीत तयार करायची आणि बदल्या वर्षातून एकदाच, एप्रिल किंवा मे महिन्यात करायच्या. वर्षाच्या मध्येच बदली करायची तर नवे पद, निवृत्ती, पदोन्नती, राजीनामा अशा कारणांनी जागा रिकामी झालेली असावी. नाहीतर अपवादात्मक परिस्थिती असावी, तिची कारणे लेखी नोंदवावीत आणि वरिष्ठ प्राधिकाऱ्याची आधी मान्यता घ्यावी. तीन वर्षे पूर्ण होण्याआधीच कोणाला हलवायचे असेल तर त्यालाही विशेष कारणे आणि वरिष्ठांची पूर्वमान्यता लागते. ही कारणे मोघम असतील तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट, आदेश रद्द करते. मुदतपूर्व बदलीविरुद्धचे अर्ज हा मॅटच्या कामाचा नित्याचा भाग आहे.

भारतीय प्रशासन सेवेसाठी आणखी एक चौकट आहे. माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 31 ऑक्टोबर 2013 रोजी निकाल दिला. बदल्या आणि नियुक्त्यांची शिफारस नागरी सेवा मंडळाने करावी, किमान कार्यकाळ ठरवावा आणि वरून आलेले तोंडी आदेश अधिकाऱ्यांनी लेखी नोंदवावेत, असे त्यात सांगितले. त्यानुसार केंद्राने जानेवारी 2014 मध्ये नियम बदलले आणि संवर्गातील पदांवर किमान दोन वर्षे ठेवण्याची तरतूद केली. पोलिसांबाबत असाच दोन वर्षांचा आग्रह न्यायालयाने 2006 च्या प्रकाश सिंह निकालात धरला होता.

कागदावर हे भक्कम दिसते. प्रत्यक्षातले चित्र लक्ष्मी अय्यर आणि आनंदी मणी या अर्थशास्त्रज्ञांच्या 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसते. त्यांनी 1980 ते 2004 या काळातील भारतीय प्रशासन सेवेतील अधिकाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. कोणत्याही एका वर्षात अधिकाऱ्याची बदली होण्याची शक्यता जवळपास निम्मी होती आणि राज्यात नवा मुख्यमंत्री आला की ती वाढत होती. हा काळ वरच्या निकालाआधीचा आहे. मात्र नंतरची उदाहरणेही लोकांच्या डोळ्यांसमोर आहेत. तुकाराम मुंढे नाशिक महापालिकेचे आयुक्त म्हणून फेब्रुवारी 2018 मध्ये आले आणि नोव्हेंबर 2018 मध्ये गेले. नागपूरला ते जानेवारी 2020 मध्ये आले आणि ऑगस्ट 2020 मध्ये त्यांची बदली झाली. त्यांच्या कामाच्या पद्धतीविषयी मतभेद आहेत आणि असू शकतात. पण नऊ किंवा सात महिन्यांत महापालिकेचे एक आर्थिक वर्षही पुरे होत नाही, त्यामुळे त्यांचे निर्णय चांगले होते की वाईट हे तपासायलाही शहराला सवड मिळाली नाही.

बदली मुळात वाईट आहे असे मात्र नाही. एकाच तालुक्यात दहा वर्षे बसलेल्या अधिकाऱ्याचे ठेकेदारांशी, वाळूवाल्यांशी, पुढाऱ्यांशी लागेबांधे तयार होतात. गडचिरोली किंवा नंदुरबारच्या दुर्गम भागात कायमच राहायला कोणी तयार नसते, आणि पुण्या-मुंबईजवळची जागा कोणी सोडायला तयार नसते. ठरावीक काळाने सगळ्यांना फिरवणे हा त्यावरचा न्याय्य उपाय आहे. निवडणूक आयोगही याच कारणाने मागील चार वर्षांपैकी तीन वर्षे एका जिल्ह्यात काढलेल्या, निवडणुकीशी संबंधित अधिकाऱ्यांना निवडणुकीपूर्वी हलवायला लावतो. म्हणून खरा प्रश्न असा आहे की अधिकारी फिरत राहणारच असेल, तर त्याच्या हातातले काम कोणत्या जागी तुटते आणि का.

ते पाहण्यासाठी भूसंपादनाइतके स्वच्छ उदाहरण दुसरे नाही, कारण त्यात कायद्याने घातलेल्या मुदती आहेत. अवर्षणप्रवण तालुक्यातल्या एका पाझर तलावाचे काम नमुन्यादाखल घेऊ. गाव आणि माणसे कल्पित आहेत, मुदती आणि पायऱ्या खऱ्या आहेत.

तलावासाठी बारा हेक्टर खासगी जमीन हवी आहे आणि चाळीसेक खातेदार आहेत. जलसंधारण विभाग जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवतो. जिल्हाधिकारी उपविभागीय अधिकाऱ्याला, म्हणजे प्रांताला, भूसंपादन अधिकारी नेमतात. मग संयुक्त मोजणी होते. भूमी अभिलेखचा भूकरमापक, जलसंधारणचा अभियंता आणि महसूलचा तलाठी एका दिवशी एका बांधावर उभे राहावे लागतात. झाडांच्या मूल्यांकनासाठी कृषी आणि वन खाते, विहिरी व घरांसाठी बांधकाम खाते लागते. एका तलावासाठी पाच-सहा कार्यालयांचे अधिकारी लागतात आणि प्रत्येकाच्या कार्यकाळाचे घड्याळ वेगवेगळे चालू असते.

2013 च्या भूसंपादन कायद्यानुसार मोजणीनंतर कलम 11 ची प्रारंभिक अधिसूचना निघते. त्यानंतर 60 दिवस हरकती घेता येतात. हरकतींवर सुनावणी घेऊन अधिकारी अहवाल देतो. कलम 11 ची अधिसूचना निघाल्यापासून 12 महिन्यांच्या आत कलम 19 ची घोषणा व्हावी लागते, आणि ती करण्याआधी जमीन मागणाऱ्या विभागाने पैसे भरलेले असावे लागतात. घोषणेपासून पुढच्या 12 महिन्यांत निवाडा जाहीर व्हावा लागतो. मुदत हुकली तर कार्यवाही व्यपगत होते, म्हणजे कायद्याने संपते. शासनाला मुदत वाढवता येते, पण त्यासाठीही कोणीतरी वेळेत, कारणांसह, लेखी प्रस्ताव करावा लागतो.

आता तारखा लावून पाहू. प्रस्ताव ऑक्टोबरमध्ये प्रांताकडे येतो, तेव्हा त्या प्रांताचे पदावरचे दुसरे वर्ष चालू आहे. मोजणीची फी भरून, तारीख ठरून मार्चमध्ये मोजणी होते. मोजणीचा नकाशा आणि अहवाल अंतिम होण्याआधीच मे महिन्यात भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकाची बदली होते. नवा उपअधीक्षक दुसऱ्याने केलेल्या मोजणीवर डोळे झाकून सही करायला तयार नसतो, आणि त्यात त्याची चूक नाही, कारण उद्या क्षेत्रात फरक निघाला तर जबाबदारी सही करणाऱ्याची असते. तो फेरतपासणी मागतो. पण जून उजाडलेला असतो, शेतात पेरणी झालेली असते आणि चिखलात हद्दीच्या खुणा दिसत नाहीत. फेरतपासणी दिवाळीनंतर होते. कलम 11 ची अधिसूचना डिसेंबरमध्ये निघते. एका बदलीने इथे सुमारे सात महिने घेतले.

हरकतींची मुदत फेब्रुवारीत संपते. प्रांत मार्च आणि एप्रिलमध्ये सुनावणी घेतो. कोणाचे म्हणणे बागायत जमीन जिरायत दाखवली असे असते, कोणाचे असे की तलावाची भिंत वीस मीटर वर सरकवली तर तीन घरे वाचतील. प्रांत जागेवर जाऊन पाहतो आणि अहवाल लिहायला घेतो. पण त्याची तीन वर्षे पूर्ण झालेली असतात. मेअखेर आदेश येतो आणि तो आठवड्यात कार्यमुक्त होतो.

नवा प्रांत जुन्याची टिपणे वाचून अहवाल देऊ शकत नाही. ज्याने ऐकले त्यानेच निर्णय द्यावा, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये शिवराज प्रकरणात, दिल्लीतल्या भूसंपादनाच्या संदर्भात, नेमके हेच ठरवले: ज्या अधिकाऱ्याने हरकती ऐकल्या नाहीत त्याने दिलेला अहवाल टिकत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे तत्त्व मोलाचे आहे आणि ते तसेच राहायला हवे. पण त्याचा अर्थ असा की सुनावणी पूर्ण करून अहवाल न देता गेलेला अधिकारी ते काम शून्यावर आणून ठेवतो. चाळीस खातेदारांना पुन्हा नोटिसा, पुन्हा तालुक्याच्या फेऱ्या, पुन्हा वकील.

त्यातच पद लगेच भरले जात नाही. जून ते सप्टेंबर शेजारच्या उपविभागाच्या प्रांताकडे अतिरिक्त कार्यभार असतो. अतिरिक्त कार्यभार असलेला अधिकारी टपाल, कायदा-सुव्यवस्था आणि दाखले सांभाळतो. ज्या फायलीत चार हरकतदार न्यायालयात जाऊ शकतात ती फाईल तो नियमित अधिकाऱ्यासाठी ठेवून देतो. नियमित प्रांत ऑक्टोबरमध्ये रुजू होतो, नोव्हेंबरमध्ये सुनावणी घेतो, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अहवाल देतो. तेवढ्यात कळते की जलसंधारण विभागाचा निधी मागच्या 31 मार्चला खर्च न झाल्याने समर्पित झाला आहे. पैसे भरलेले नाहीत म्हणून घोषणा निघत नाही. डिसेंबर संपतो आणि कलम 11 ची अधिसूचना व्यपगत होते.

पुढचा परिणाम पैशांत मोजता येतो. जमिनीची किंमत कलम 11 च्या अधिसूचनेच्या तारखेला धरून ठरते. नवी अधिसूचना काढली की किंमतही नव्या तारखेची. तिच्यावर कायद्यानुसार ग्रामीण भागासाठीचा गुणांक आणि वर तेवढेच दिलासा म्हणून द्यायचे शंभर टक्के. म्हणजे मूळ दरातला थोडा फरक सरकारी खर्चात दुपटीहून अधिक होऊन दिसतो. प्रकल्पाची प्रशासकीय मान्यता जुन्या रकमेची असते, त्यामुळे सुधारित मान्यतेचा प्रस्ताव पुन्हा वर जातो. दरम्यान खातेदार अडकून राहतात. जमीन जाणार म्हणून विहीर खोदायची की नाही, फळबाग लावायची की नाही, हे त्यांना ठरवता येत नाही.

या सगळ्या साखळीत कोणीही बेकायदा वागले नाही. प्रांताची बदली मुदतपूर्व नव्हती, ती वेळेवर आणि नियमाप्रमाणे झाली. म्हणून केवळ 'तीन वर्षे द्या' या मागणीने हा प्रश्न सुटत नाही. प्रस्ताव ते निवाडा हा प्रवास मोजणीचे सहा महिने आणि कायद्यातले दोन वेळचे 12 महिने धरले तर अडीच वर्षांचा आहे. अधिकारी रुजू झाल्यावर सहा महिन्यांत प्रस्ताव आला आणि कुठेही अडखळण झाली नाही, तरच तो एका कार्यकाळात बसतो. तीन वर्षांआधीच बदली झाली तर बसण्याची शक्यताच संपते.

एप्रिल-मेच्या वेळापत्रकाचाही इथे वाटा आहे. मुलांच्या शाळेच्या दृष्टीने हा काळ सोयीचा आहे आणि कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांचा तो विचार रास्तच आहे. पण बांधबंदिस्ती, गाळ काढणे, खोलीकरण, रस्त्याचे खडीकरण ही गावातली बहुतेक मातीकामे पावसाआधीच्या याच आठवड्यांत उरकायची असतात. झालेल्या कामाची नोंद मोजमाप पुस्तिकेत शाखा अभियंता करतो आणि त्यावरच बिल निघते. मोजमाप न घेताच अभियंता बदलून गेला आणि पाऊस पडला की खोदलेल्या नाल्यात पुन्हा गाळ येतो. किती घनमीटर माती काढली हे नवा अभियंता कशावरून लिहिणार? बिल अडते, ठेकेदार काम सोडतो किंवा मजुरांचे पैसे थकतात. कामात खरोखर घोटाळा झाला असेल तर तोही त्याच पाण्याखाली जातो.

2005 च्या कायद्याने या धोक्यांचा विचार केलेला आहे, ही फारशी बोलली न जाणारी बाब आहे. कलम 5 नुसार अपवादात्मक प्रसंगी कार्यकाळ वाढवता येतो. निवृत्तीला वर्षापेक्षा कमी काळ उरला असेल तर, त्या कामाचे तांत्रिक ज्ञान असलेला पर्यायी माणूस लगेच मिळत नसेल तर, आणि प्रकल्प शेवटच्या टप्प्यात असून त्या कर्मचाऱ्याच्या जाण्याने तो वेळेत पूर्ण होणे धोक्यात येत असेल तर. त्याच कलमात असेही आहे की महत्त्वाचे काम विस्कळीत होऊ नये म्हणून एका वर्षात एका कार्यालयातून एका वेळी तीस टक्क्यांपेक्षा जास्त कर्मचाऱ्यांची बदली करू नये. प्रांताला अहवाल लिहिण्यापुरती दोन महिन्यांची मुदतवाढ द्यायला कायदा आड येत नाही. त्यासाठी जानेवारीत बदलीपात्रांची यादी करतानाच प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या हातातली मुदतीची कामे लिहिली गेली पाहिजेत. यादीत नाव, पद, रुजू दिनांक आणि पसंतीची ठिकाणे असतात. अर्धवट सुनावण्यांचा रकाना नसतो.

दुसरी कमतरता कार्यभार हस्तांतरणात आहे. ग्रामसेवक किंवा तलाठी बदलतो तेव्हा दप्तराची यादी होते आणि नोंदवही नोंदवही मोजून दिली-घेतली जाते. ही जुनी शिस्त आहे. दप्तर मिळाले नाही म्हणून नवा ग्रामसेवक काम करू शकत नाही, अशा तक्रारी होतात त्या याच शिस्तीमुळे उघडकीला येतात. वरच्या पदांवर मात्र अनेकदा एका पानाच्या कार्यभार प्रमाणपत्रावर दोन सह्या होतात आणि काम संपते. जाणारा अधिकारी एकतर्फी कार्यमुक्त झाला तर दोघांची भेटही होत नाही. मग कोणत्या प्रकरणात कोणती मुदत कधी संपते हे सांगणारा माणूस म्हणजे शाखेतला अव्वल कारकून. तोही बदलला असेल तर फाईलच्या कपाटाशिवाय कोणी उरत नाही.

शहरांत ही अडचण 2022 नंतर वेगळ्या रूपात दिसली. मुंबई महापालिकेची मुदत 7 मार्च 2022 रोजी संपली आणि राज्यातल्या इतर अनेक महापालिकाही निवडणुकीअभावी प्रशासकांच्या हाती गेल्या. एरवी आयुक्त बदलला तरी स्थायी समिती आणि सभागृह तेच असते. ठराव कोणी मांडला, कोणी विरोध केला, काय अट घातली, हे सांगणारे नगरसेवक असतात. प्रशासक काळात ठराव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच अधिकारी होता. तो बदलला की त्या निर्णयामागचे कारण इतिवृत्तातही सापडेल याची खात्री नव्हती. लोकनियुक्त सभागृह हे कामाच्या सातत्याचे एक साधन आहे, हे त्या काळाने दाखवले.

गावातल्या माणसाला हे तुटणे वेळेत ओळखता येते. मोजणी झाली असूनही 'पुन्हा पाहणी करावी लागेल' असा निरोप आला, झालेल्या सुनावणीची परत नोटीस आली, किंवा प्रस्ताव 'त्रुटीपूर्ततेसाठी' ज्या कार्यालयातून आला तिथेच परत गेला, तर बहुतेक वेळा मधल्या काळात कुठलीतरी खुर्ची बदललेली असते. तेव्हा 'साहेब नवे आहेत' या उत्तरावर थांबू नये. कलम 11 ची अधिसूचना कोणत्या तारखेची आहे, सुनावणी कोणी घेतली, तिचा अहवाल गेला आहे का, विभागाने पैसे भरले आहेत का, हे चार प्रश्न लेखी विचारावेत आणि सुनावणीच्या रोजनाम्याची प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. जिल्हास्तरीय कार्यालये आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमधील अभिलेख दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना पाहू देण्याचा आदेश राज्य सरकारने 2018 मध्ये काढलेला आहे. बदल्यांचा हंगाम सुरू होण्याआधी, मार्च महिन्यातल्या एखाद्या सोमवारी, गावाच्या दोन-तीन जाणत्या माणसांनी जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन आपली फाईल जरूर पाहून घ्यावी.